टेकूपाशी दाट, मधात विरळ

यवतमाळच्या औद्योगिक वसाहतीत लोखंडी कामाचं एक वर्कशॉप होतं. तिथं मी सात वर्षं तपासनीस म्हणून काम केलं. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा, वेल्डिंग तपासायचा एक छोटा कोर्स, हातात टेप आणि गळ्यात गॉगल, एवढं माझं भांडवल. शेडचे खांब, छपराला पेलणाऱ्या कैच्या, टाक्यांचे सांगाडे असलं काम बनायचं आणि तयार झालेला प्रत्येक नग माझ्या सहीशिवाय ट्रकवर चढायचा नाही. त्या सहीचा मला फार अभिमान होता. घरी वडील तहसील कचेरीत आयुष्यभर सह्या घेत आणि देत आले होते, त्यामुळे सहीचं वजन काय असतं हे मला कोणी वेगळं शिकवायची गरज नव्हती, असं मला वाटायचं.

वर्कशॉपमध्ये मार्किंगचं काम एकाच माणसाकडे होतं. आम्ही सगळे त्यांना मिस्त्रीकाका म्हणायचो. पंचावन्नच्या पुढचे असतील. बाभुळगावहून रोज एसटीनं यायचे, लांब बाह्यांचा शर्ट, कानावर खडू. मार्किंग म्हणजे ड्रॉइंगवरचे आकडे वाचून लोखंडी पत्र्यावर रेघा मारायच्या आणि टोकदार पोलादी पंचानं खुणा ठोकायच्या. बाकीचे त्या रेघेवर कापतात, त्या रेघेवर जोडतात. रेघ चुकली तर पुढचं सगळं अगदी नेटकं, सरळ आणि चुकलेलं होतं. काकांची रेघ चुकत नसे. शाळा सातवीपर्यंत झालेली, पण ड्रॉइंग हातात घेतलं की ते जमिनीवर पसरून त्याच्याभोवती चार दिशांनी फिरायचे आणि मगच खडू काढायचे.

मला ते ताई म्हणायचे. मी त्यांच्या मुलीच्या वयाची. पण कामाचं काही विचारायचं असलं तर ते सरळ माझ्याकडे यायचे, कारण मी शिकलेली होते.

त्या वर्षी आम्हाला पांढरकवड्याच्या पुढे, हायवेपासून आत असलेल्या एका तेल कारखान्याचं काम मिळालं. सरकीचं तेल काढणारा कारखाना, सोबत स्वतःचा मोठा बॉयलर. बॉयलरला लागणारा कोळसा वणीकडून ट्रकनं यायचा आणि फिरत्या पट्ट्यावरून वर चढून एका बंकरमध्ये पडायचा. बंकर म्हणजे खाली निमुळती होत गेलेली भली मोठी लोखंडी पेटी. पूर्ण भरली की जवळजवळ पावणेतीनशे टन. ही पेटी दोन गर्डरांवर बसवायची होती. ते दोन गर्डर आम्ही बनवायचे होते. प्रत्येकी बारा मीटर लांब, दीड मीटर उंच.

गर्डर म्हणजे काय ते इथं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. एक जाड पट्टी खाली आडवी, एक जाड पट्टी वर आडवी, आणि दोघींच्या मधात एक उभा पत्रा. तिन्ही वेल्डिंगनं जोडलेले. उभा पत्रा मुद्दाम पातळ ठेवतात, नाहीतर गर्डरचं स्वतःचंच वजन अफाट होतं. आमचा पत्रा दीड मीटर उंच आणि फक्त आठ मिलिमीटर जाड होता. इतका उंच आणि पातळ पत्रा भाराखाली फाटत नाही, तो बाहेर फुगतो. वहीचा पुठ्ठा दोन हातांत उभा धरा आणि एक हात वर, एक हात खाली सरकवायचा प्रयत्न करा, पुठ्ठ्याला तिरपी सुरकुती पडते. गर्डरच्या पत्र्याला तसंच होतं. खांबाचा टेकू टोकाला वर ढकलतो, कोळसा आतल्या भागाला खाली ढकलतो, आणि त्या दोघांच्या ओढाताणीत पत्रा तिरपा फुगतो. ते होऊ नये म्हणून पत्र्यावर जागोजागी उभ्या पट्ट्या वेल्ड करतात. इंजिनियर त्यांना स्टिफनर म्हणतात, वर्कशॉपात नुसत्या पट्ट्या. दोन पट्ट्यांमधलं अंतर जितकं कमी, तितका मधला पत्रा फुगायला जड. ही ओढाताण सगळ्यात जास्त असते टेकूपाशी आणि मध्याकडे येता येता कमी होत जाते. म्हणून पट्ट्या टेकूपाशी दाट लावायच्या, मधात विरळ.

हे मी कॉलेजात शिकले होते. परीक्षेत लिहिलंही होतं.

आमच्या गर्डरच्या पट्ट्यांची अंतरं टोकाकडून मध्यापर्यंत अशी होती: नऊशे, नऊशे, नऊशे, बाराशे आणि एकवीसशे मिलिमीटर. दुसऱ्या अर्ध्यात तीच, आरशातल्यासारखी. ड्रॉइंगवाल्यानं जागा वाचवायला अर्धाच गर्डर काढला होता, आणि कसं कोण जाणे, मध्य डावीकडे आणि टोक उजवीकडे घेतलं होतं. टेकूवर येणाऱ्या जाड पट्ट्या दुसऱ्या कागदावर दाखवलेल्या. वर्कशॉपात मिळालेली प्रत लहान करून काढलेली होती. डाव्या कडेची मध्यरेषेची खूण इतकी पुसट होती की शोधली तरच दिसावी. आमच्याकडची बाकी सगळी ड्रॉइंगं डावीकडून, टोकापासून सुरू व्हायची.

त्या दिवशी सकाळी मी एका टाकीच्या सांध्यावर वाकले होते. वेल्डिंगमध्ये बारीक छिद्रं निघाली होती आणि वेल्डरशी माझा वाद चालला होता. मिस्त्रीकाका ड्रॉइंग घेऊन आले, बाजूला उभे राहिले. वाद संपेना तेव्हा म्हणाले,

"ताई, एक इचारू का?"

"बोला काका."

"ह्या पट्ट्या मधात दाट अन् कडेले विरळ, असंच हाय न? मले वाटलं, कोळशाचा सारा भार मधात येईन, म्हून मधात जवळ जवळ घेतल्या असतीन."

मी कागदाकडे पाहिलं. म्हणजे डोळे कागदावर गेले. डावीकडे एकवीसशे, मग बाराशे, मग नऊशे. डोक्यात वेल्डिंगची छिद्रं होती.

"हो काका, घ्या तसंच," मी म्हणाले.

ते गेले. ऑफिसच्या भिंतीवर त्याच ड्रॉइंगची मोठी, स्वच्छ प्रत लटकलेली होती. माझ्यापासून चाळीस पावलांवर.

काकांचा विचार वेडगळ नव्हता. भार मधात जास्त वाकवतो हे खरंच आहे, पण ते वाकणं वरखालच्या जाड पट्ट्या झेलतात. पातळ पत्र्याचं दुखणं टेकूपाशी असतं. काकांनी जन्मभर शेडचं काम केलेलं, असा गर्डर त्यांच्या हाताखालून पहिल्यांदाच जात होता. म्हणून तर ते विचारायला आले होते.

गर्डर तयार झाले. मी तपासायला गेले तेव्हा त्याच लहान प्रतीवरून आकडे तक्त्यात उतरवून घेतले होते. टोकापासून टेप लावला. एकवीसशे, बरोबर. बाराशे, बरोबर. नऊशे, नऊशे, नऊशे. पाचही घरांत टिक मारली. एका गर्डरवर नऊ ठिकाणी पट्ट्या हव्या होत्या, नऊच होत्या. एकूण लांबी मिलिमीटरला जुळली. वेल्डिंग सुंदर होतं. खाली सही केली. आकडे सगळे खरे होते, फक्त क्रम उलटा होता, आणि तो उलटा आहे हे दाखवणारी एकही गोष्ट माझ्या तक्त्यात नव्हती.

गर्डर गेले, खांबांवर चढले, त्यावर पेटी बसली. काही आठवड्यांनी कोळसा भरायला सुरुवात झाली.

एक दिवस सकाळी अकराच्या सुमाराला कारखान्याच्या इंजिनियरचा फोन आला. माझ्याहून थोडे मोठे, शांत बोलणारे गृहस्थ होते. त्या दिवशी आवाज शांत नव्हता.

"मॅडम, बंकर दोन तृतीयांश भरला आहे. गर्डरच्या पत्र्याला पोट आलंय."

"कुठे? मधात?"

"नाही. टोकाला. खांबाजवळ."

मला तेव्हाच कळून चुकलं असं म्हणणार नाही. पण मी पुन्हा विचारलं, टोकालाच ना?

वर्कशॉपच्या मालकांच्या गाडीतून आम्ही तिघं निघालो. मालक, मी आणि मिस्त्रीकाका. वाटेत मालक म्हणाले की पत्रा आणतानाच वाकडा आला असेल. काका मागच्या सीटवर टेपची डबी हातात घेऊन बसले होते.

शिडीवरून वर चढलो. टोकाच्या चौकटीत, म्हणजे टेकू आणि पहिली पट्टी यांच्या मधल्या पत्र्यावर, टेकूच्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यातून आतल्या बाजूच्या खालच्या कोपऱ्याकडे, एक लांब तिरपी लाट उठली होती. रंगावर उजेड पडला होता म्हणून ती आणखीच स्पष्ट दिसत होती. पुस्तकातलं चित्र जसंच्या तसं. चारही टोकांना तेच, कुठे कमी, कुठे जास्त.

काकांनी टेप लावला. मी दुसरं टोक धरलं. एकवीसशे. त्यांनी पुढची चौकट मोजली, त्याच्या पुढची मोजली. मग टेप हळूहळू डबीत जाऊ दिला.

"उलटं झालं," ते म्हणाले.

मालकांना समजायला थोडा वेळ लागला. समजलं तसे ते ओरडले. "काहून उलटं झालं? इतकी वर्षं झाली रेघा मारता मारता, अन् ड्रॉइंग वाचता नाही आलं तुमाले?"

"माह्या हातून झालं, साहेब."

काका माझ्याकडे बघतील म्हणून मी वाट पाहत होते. त्यांनी बघितलं नाही. खाली मान घालून ते टेपच्या डबीवरची धूळ अंगठ्यानं पुसत होते. मी बोलायला हवं होतं. एक वाक्य होतं, काकांनी मला विचारलं होतं आणि मी हो म्हणाले. इंजिनियर समोर होते, मालक समोर होते. मी ते वाक्य बोलले नाही. त्याऐवजी मी हिशेबाला लागले.

पाठकोऱ्या कागदावर मी मांडलं. टोकाची चौकट नऊशेची असायला हवी होती, ती एकवीसशेची झाल्यामुळे तिची फुगण्याविरुद्धची ताकद निम्म्याहूनही खाली आली होती. दुरुस्ती अवघड नव्हती. टोकाच्या प्रत्येक चौकटीत दोन ठिकाणी नव्या पट्ट्या घातल्या की एकवीसशेचे सातशे-सातशेचे तीन भाग होतात. आतली बाराशेची चौकट तिथल्या भाराला पुरेशी होती. मधल्या दाट पट्ट्या निरुपयोगी होत्या, पण कोणाला त्रास देत नव्हत्या.

"पण आधी बंकर रिकामा करा," मी म्हणाले. "भरणं आत्ता थांबवा. खाली कोणी उभं राहू नका. भार असताना ह्या पत्र्यावर वेल्डिंग करायचं नाही. तापलेलं लोखंड मऊ असतं, आणि हा पत्रा आधीच फुगलाय."

इंजिनियर म्हणाले की कोळसा बाहेर काढायची दुसरी सोय नाही, खालून बॉयलर जेवढा ओढेल तेवढाच उतरेल. पूर्ण रिकामा व्हायचा तर बॉयलर बंद पडेल, कारखाना बंद पडेल. मालक म्हणाले, अर्ध्यावर आला की पुरे नाही का? अर्ध्या भाराला तर हा पत्रा फुगत नव्हता ना?

नव्हता. हे खरं होतं. हिशेबातही तसंच येत होतं.

मी थोडा वेळ नाही म्हणाले. मग हो म्हणाले. ह्या दुसऱ्या "हो"बद्दल मी स्वतःशी फार वेळा खोटं बोलले आहे, की दबाव होता, की दोन मोठी माणसं एकीकडे आणि मी एकटी. पण खरं असं होतं की मलाच ते लवकर मिटायला हवं होतं. पट्ट्या लागल्या, रंग लागला, बंकर भरला की उलटं कसं झालं हा पहिला प्रश्न कोणी विचारणार नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बंकर अर्ध्यावर आला. लाट खरोखर बसली होती. हात फिरवला तर किंचित उंचवटा लागायचा, इतकाच. आमचा एक वेल्डर आला होता. मिस्त्रीकाकाही आले. त्यांचं यायचं काही कारण नव्हतं, पट्ट्यांच्या दोन रेघा कोणीही मारल्या असत्या.

"काका, तुम्ही कशाला वर चढता? मी मारते रेघा," मी म्हणाले.

"नाई ताई. आपल्या हातानं बिघडलं, आपल्या हातानं नीट करतो."

आपल्या म्हणजे स्वतःच्या. वऱ्हाडात असं बोलतात. पण मला त्या शब्दात दोघंही दिसले आणि मी शिडी त्यांना मोकळी करून दिली.

गर्डरच्या कडेला लाकडी फळ्यांची परांची बांधली होती, जमिनीपासून वीसेक फूट उंच. जेवणाच्या सुट्टीपर्यंत पहिल्या टोकाची चौकट पूर्ण झाली. काम चांगलं झालं होतं. आम्ही तिघांनी खाली सावलीत बसून डबे उघडले. काकांच्या डब्यात भाकर आणि अंबाडीची भाजी होती, त्यांनी मला थोडी दिली. ते म्हणाले, बाकीची टोकं उद्यापर्यंत होऊन जातील.

दुपारी ते दोघं त्याच गर्डरच्या दुसऱ्या टोकाला गेले. मी पहिल्या टोकाशी नवं वेल्डिंग तपासत होते. दोन वाजता कारखान्याची पाळी बदलली.

कोळसा वर नेणारा पट्टा बंद ठेवायचा हे मी इंजिनियरांना सांगितलं होतं, त्यांनी सकाळच्या ऑपरेटरला सांगितलं होतं. सगळं तोंडी. बटणावर पाटी लावलेली नव्हती, कुलूप घातलेलं नव्हतं. दुपारच्या पाळीचा ऑपरेटर वरच्या केबिनमध्ये बसला, बंकर अर्धा रिकामा दिसला, बाहेर ट्रकांची रांग दिसली. त्यानं रोजच्यासारखा पट्टा सुरू केला.

मला पट्ट्याचा आवाज आला होता. पण तिथं सगळीकडेच पट्टे फिरत होते, कसला ना कसला खडखडाट सतत चालूच होता. मी मान वर केली नाही.

अर्धा तास गेला असेल. मग एकच आवाज झाला. उलट्या ठेवलेल्या मोठ्या पातेल्यावर कोणी पाय द्यावा तसा दण्णकन, पण छातीत बसणारा. मी वळले तेव्हा दुसऱ्या टोकाचा पत्रा, वेल्डिंगनं तापलेला, परांचीच्या बाजूला घडी पडल्यासारखा बाहेर आला होता. गर्डरची वरची पट्टी तिथं खचली होती आणि पेटी एका अंगाला कलून खांबाला अडकली होती. परांची गर्डरलाच टांगलेली होती, ती तुटून खाली आली. वेल्डरच्या कमरेच्या पट्ट्याचा हूक वरच्या दोरीत होता, तो लटकत राहिला आणि वाचला. काका दुसऱ्या पट्टीची रेघ मारायला पुढे सरकत होते. सरकताना त्यांनी हूक काढला होता.

ते काँक्रीटवर पडले होते. मी पोचले तेव्हा डोळे उघडे होते. डाव्या कानावर खडू नव्हता, तो बाजूला तुकडे होऊन पडला होता. मी "काका, काका" म्हणत होते. त्यांनी काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला असं मला वाटलं, पण ते तसं नसेलही. कारखान्याच्या गाडीत घालून पांढरकवड्याला नेलं. हायवेला लागायच्या आधीच त्यांचा श्वास थांबला. डोकं माझ्या मांडीवर होतं. इंजिनियर पुढे बसून कोणालातरी फोन लावत होते आणि तो लागत नव्हता.

बॉयलर त्या दिवशी बंद झालाच.

चौकशी झाली. बाहेरून एक अधिकारी आले, त्यांनी गर्डर पाहिला, मोजला, फोटो काढले. वर्कशॉपच्या ऑफिसात बसून माझा जबाब घेतला. मालक शेजारच्या खुर्चीत होते.

"पट्ट्यांची अंतरं उलट पडली. ड्रॉइंगचा अर्थ कोणी लावला?"

"मार्किंग मिस्त्री लावतात."

"ह्या कामात?"

"मिस्त्रींनी."

"तुम्ही तपासलं नाही?"

"तपासलं. प्रतीवर मध्यरेषेची खूण पुसट होती. आकडे जुळले."

त्यांनी लिहून घेतलं. एकही शब्द खोटा नव्हता. मी सही केली. अहवालात आलं की मिस्त्रीनं ड्रॉइंग चुकीचं वाचलं, तपासणीत ते लक्षात आलं नाही, आणि कारखान्यात पट्टा बंद ठेवण्याची सूचना लेखी नव्हती. मूळ चूक म्हणून नाव काकांचं. पट्टा सुरू करणाऱ्या ऑपरेटरला काढलं. मला ताकीद मिळाली.

बाभुळगावला मी पुण्यानुमोदनाच्या दिवशी गेले नाही. वर्कशॉपमधले सगळे गेले, मी ताप आल्याचं सांगितलं. गेले ते आणखी दोन आठवड्यांनी, एकटी, एसटीनं. घर स्टँडपासून जवळच होतं. पुढच्या खोलीत बुद्धाची मूर्ती, तिच्याशेजारी काकांचा फोटो, नवा. काकू एकट्याच होत्या. त्यांनी मला कधी पाहिलं नव्हतं, पण दारातच म्हणाल्या, "तुमी ताई न? तपासणीवाल्या?"

मी हो म्हणाले. त्यांनी पाणी दिलं. मी काय बोलायचं ते एसटीत ठरवून आले होते, ते आठवेना. त्यांनीच सुरुवात केली.

"लोकं म्हणतेत ह्यायनं उलटं केलं. सायेबानं कागदावर बी तसंच लिवलं म्हणते. खरं हाय का?"

"रेघा उलट्या पडल्या, काकू."

"मले मालूम हाय. त्या दिवशी पांढरकवड्याहून आले तवा जेवले नाई. म्या इचारलं काय झालं. म्हणे, मले वाटलंच होतं काईतरी, म्हून म्या ताईले इचारलं होतं. पोरगी घाईत होती. म्या म्हणलं, मंग सांगा न सायबाले तसं. तर म्हणे, कायले? तिची नौकरी जाईन. माह्ये आता दोन-तीन वर्ष राह्यले."

त्या रडत नव्हत्या. माझ्याकडे सरळ बघत होत्या. मीही रडले नाही, तसा मला हक्क नाही हे तिथं बसल्या बसल्या कळत होतं.

"काकू, त्यांनी मला विचारलं होतं. मी हो म्हणाले. चूक माझी आहे."

"सायेबाले सांगतलं तुमी?"

"नाही."

"काहून?"

बाहेर कोणीतरी मोटारसायकल चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती चालू होईना. काकूंनी ग्लास उचलला आणि आत गेल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. मी उठले तेव्हा आतून म्हणाल्या, "त्या दिवशीच बोलाचं होतं तुमी, बाई. ते वर चढले नसते मंग."

परतीच्या गाडीत मी हे वाक्य पुन्हा पुन्हा तपासून पाहिलं, आणि ते बरोबर होतं. मी वर उभी राहून खरं बोलले असते तर दोष काकांवर एकट्यावर आला नसता, दुरुस्ती आपल्या हातानं करायचा हट्ट त्यांनी धरला नसता. आणि मला काही लपवायचं उरलं नसतं तर बंकर रिकामा होईपर्यंत मी नाहीच म्हणत राहिले असते. गर्डरचं उलटं पडणं दुरुस्त होण्यासारखं होतं. त्यात कोणी मरायचं कारण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी जबाब नव्यानं लिहिला. काकांनी कोणत्या शब्दांत विचारलं, मी काय उत्तर दिलं, मोठी प्रत किती अंतरावर होती, भार असताना वेल्डिंगला मी का होकार दिला, सगळं. चौकशीच्या कचेरीत नेऊन दिला. तिथल्या बाईंनी पोच म्हणून शिक्का मारला. त्या म्हणाल्या की अहवाल वर गेलाय, आता ह्याचं काय होईल ते सांगता येत नाही. एक प्रत मालकांना दिली. मालकांनी ती उभ्या उभ्या वाचली. "मेलेल्या माणसाले काय फरक पडते आता?" ते म्हणाले. संध्याकाळपर्यंत माझं टेबल रिकामं करून घेतलं. मला त्यांचा राग आला नाही. बरीच वर्षं झाली, अहवालाचं पुढे काही झालं नाही. दोनदा विचारायला गेले, फाइल दुसरीकडे असल्याचं सांगितलं.

नोकरी गेली त्याच आठवड्यात शिक्क्याची दुसरी प्रत घेऊन मी पुन्हा बाभुळगावला गेले होते. काकूंनी दार उघडलं, आत बोलावलं नाही. मी कागद पुढे केला आणि त्यात काय आहे ते सांगितलं. त्यांना वाचता येत होतं. उंबऱ्यात उभ्या राहून त्यांनी पूर्ण वाचला, एक बोट ओळीखालून फिरवत. मधे एकदा थांबल्या, मागची ओळ पुन्हा वाचली.

"हे सायबानं घेतलं का?"

"घेतलं. शिक्का आहे बघा. पण पहिला कागद बदलतील की नाही, माहीत नाही."

"राहू द्या इथं," त्या म्हणाल्या. कागदाची घडी घातली, पदराखाली धरली आणि दार लावून घेतलं.